बँकेचा ओटीपी उशिरा येतो, आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले या बँकेचं नेटबँकिंग वापरतेय. बाकी सगळं ठीक आहे, पैसे वेळेत जातात, स्टेटमेंट लगेच मिळतं. लिहायचंय ते फक्त ओटीपीबद्दल, कारण त्रास झाला तो त्याचाच, आणि नेमकं काय बिनसतंय हे कळायला मला निम्मा काळ गेला.

इथे ओटीपी 3 मिनिटं चालतो. मला आधी वाटायचं की मेसेज आल्यापासून 3 मिनिटं. तसं नाहीये, बँकेकडे कोड तयार झाला की लगेच वेळ मोजायला सुरुवात होते, म्हणजे मेसेज वाटेत अडीच मिनिटं अडकला तर आपल्या हातात उरतात तीस सेकंद.

तिसऱ्या महिन्यात जे झालं ते सविस्तर सांगते. 11:42 ला पेमेंट टाकलं, कोड येईना, म्हणून 11:43 ला आणि परत 11:44 ला रीसेंड दाबलं. 11:46 ला तिन्ही मेसेज एकदम धडकले. मी सगळ्यात खालचा कोड टाकला, चुकीचा. मग सगळ्यात वरचा टाकला, तोही चुकीचा, घाईत परत खालचाच टाकला आणि खातं 24 तासांसाठी लॉक. नंतर शांतपणे बघितलं तर चालणारा कोड मधला होता! नवीन कोड मागितला की आमच्या बँकेत आधीचा रद्द होतो, म्हणजे 11:44 चा तेवढा जिवंत होता आणि त्याला अजून जवळपास मिनिटभर होतं. पण मेसेज ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने पोचतील असं नसतं, प्रत्येकाचा परत पाठवायचा प्रयत्न वेगळा होतो, त्यामुळे लिस्टमध्ये शेवटचा दिसतो तो शेवटचा मागितलेला असेलच असं नाही.

हे मला कळलं ते मेसेज बराच वेळ दाबून डिटेल्स उघडल्यावर. माझ्या अँड्रॉइडवर तिथे पाठवल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ अशा दोन वेळा दिसतात (सगळ्या फोनवर दिसत नाहीत). पाठवल्याची वेळ म्हणजे साधारण नेटवर्कच्या मेसेज सेंटरला तो मिळाला ती वेळ. ती आपण मागितलं तेव्हाचीच असेल आणि मिळाल्याची वेळ बरीच नंतरची, तर मेसेज नेटवर्कमध्ये किंवा आपल्या फोनपाशी अडकलाय. पाठवल्याचीच वेळ उशिराची असेल तर गडबड त्याच्या आधी, बँकेकडे किंवा बँकेचे मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेत, तिथे आपण फोनशी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. माझे दहातले आठ वेळा पहिल्या प्रकारचे निघाले, आणि बहुतेक सगळे घरातल्या एकाच खोलीतले जिथे रेंज एक काडी असते.

आता मी काय करते, तर पेमेंट टाकायच्या आधीच रेंज बघते. कोड आला नाही तर लगेच रीसेंड नाही, विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करते, फोन नेटवर्कला नव्याने जोडला गेला की अडकलेला मेसेज बऱ्याचदा तेवढ्यात येतो. तरी नाहीच आला तर पूर्ण 3 मिनिटं जाऊ देते, मग एकदाच रीसेंड, आणि त्यानंतर जुना मेसेज उगवला तर तो आधी डिलीट करते म्हणजे चुकून हात जाणार नाही. टाकायच्या आधी मेसेजमधली रक्कम आणि कुणाला जातायत ते वाचतेच, कारण त्या गडबडीत दुसऱ्याच कुणाच्या व्यवहाराचा कोड आपण भरू शकतो. दोनदा फसलं की त्या दिवशी थांबते, तिसरा प्रयत्न नाही.

कोड टाकल्यावर स्क्रीन अडकली तर मात्र रीट्राय अजिबात नको, आधी खात्यातली शेवटची नोंद बघा. माझं एकदा पेज फिरत राहिलं होतं आणि पैसे गेलेले होते, परत पाठवले असते तर दोनदा गेले असते.

आणि अशाच वेळी कुणी फोन करून "तुमचा ओटीपी अडकलाय, आला की सांगा, आम्ही इथून टाकतो" म्हणालं तर फोन ठेवून द्या, बँक कोड विचारत नाही, कालबाह्य झालेलाही नाही. न मागता कोड आला तर कुणीतरी आपल्या खात्यावर प्रयत्न करतंय, तेव्हा रीसेंड वगैरे सोडून कार्डामागच्या नंबरवर फोन. रेंज कायमचीच गेली, शेजारी त्याच कंपनीचं सिम नीट चालतंय आणि आपलंच बंद, तर कोडची वाट बघू नका, कुणीतरी आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, ताबडतोब सिम कंपनीला आणि बँकेला कळवा.

गेल्या दोन महिन्यांपासून बँकेच्या ऍपमधूनच मंजुरी द्यायची सोय सुरू केलीय, त्याला एसएमएस लागत नाही, वायफायवर चालतं, त्या खोलीतही. फक्त फोन बदलल्यावर परत नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचा कोड एसएमएसनेच येतो, तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहते.