स्विचचं मॅक टेबल की राउटरचं एआरपी: चुकीचं कोण सांगतंय?

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका ऑफिसात जुना कॅमेरा रेकॉर्डर काढून त्याच आयपीवर नवा लावला. त्याच नेटवर्कमधल्या, तोवर रेकॉर्डर कधी न उघडलेल्या लॅपटॉपवर तो लगेच दिसला, पण राउटरपलीकडच्या दुसऱ्या नेटवर्कमधून काही केल्या दिसेना.

स्विचला आयपी कळतच नाही, तो कोणाला विचारतही नाही, फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा मॅक बघून कुठल्या पोर्टवरनं आला ते लिहून ठेवतो, म्हणून नवा रेकॉर्डर पहिली फ्रेम बोलला तेव्हाच स्विच शिकला.

एआरपी मात्र विचारतो. 'हा आयपी कोणाचा?' अशी हाळी सगळ्यांना, ज्याचा आहे तो आपला मॅक देतो, आणि ते उत्तर जपून ठेवलं जातं. गोची इथेच आहे हो, कारण सिस्कोचा स्विच न बोलणाऱ्याला साधारण 300 सेकंदांत विसरतो पण सिस्कोच्या राउटरचं एआरपी डिफॉल्टला 4 तास टिकतं. आमचा राउटर जुन्याच मॅकवर पाठवत होता, स्विचला तो मॅक आता माहीत नाही म्हणून तो फ्रेम सगळ्या पोर्टवर सोडत होता, घेणारा कोणीच नाही.

```
show ip arp 192.168.20.50
show mac address-table
clear ip arp 192.168.20.50
```

पहिल्या दोन्हींतला मॅक रेकॉर्डरवरच्या स्टिकरशी ताडून बघा, मगच तिसरी चालवा. बरीच यंत्रं चालू होताना स्वतःहून एआरपी घोषणा करतात, तेव्हा ही वेळ येत नाही. आमच्याने केली नव्हती.