गुळाची उधारी आणि बदललेलं बँक स्टेटमेंट

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका अडत्यानं बाहेरगावच्या नव्या व्यापाऱ्याला बँक स्टेटमेंटची पीडीएफ बघून गुळाचे रवे उधारीवर दिले. महिन्यानं चेक परत आला, तेव्हा कुठं ती पीडीएफ नीट वाचली गेली. खाते बचतीचं होतं. व्यापाऱ्यानं करंट खात्याऐवजी बचतीचं दाखवलं, इथंच खरं तर शंका घ्यायला हवी होती.

पहिल्या पानाच्या तळाशी 42,310.50 शिल्लक, त्यावर 1,85,000 जमा, शिल्लक 2,27,310.50. मग 1,250 नावे, शिल्लक 2,26,060.50. इथवर हिशेब चोख. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत 900 नावे आणि शिल्लक मात्र 55,160.50! हवी होती 2,25,160.50. फरक बरोबर 1,70,000 चा, म्हणजे मुळात जमा होते फक्त 15,000. गड्यानं पहिलं पान बदललं आणि दुसऱ्याचा कंटाळा केला. म्हणून पानं जिथं बदलतात तिथली बेरीज-वजाबाकी आधी करावी.

सगळ्या शिलका बदलणारेही असतात, पण ते व्याज विसरतात. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर निघतं. अडीच टक्के दरानं तीन महिने दोन लाख पडून असतील तर सुमारे 1,250 रुपये व्याज जमा व्हायला हवं. तिथं 340 दिसले, तर सरासरी शिल्लक चोपन्न हजारांच्या आसपासच होती. करंट खात्याला बहुधा व्याजच नसतं, तिथं ही खूण उपयोगाची नाही.

आता डोळ्यांचं काम. पीडीएफ कॉम्प्युटरवर चारशे टक्के मोठी करून रकमांचा रकाना वरून खाली बघा. बँकेच्या आकड्यांचे दशांशबिंदू एका सरळ रेषेत असतात. पीडीएफमधला मजकूर डावीकडच्या एका ठरलेल्या जागेपासून सुरू होतो, 15,000.00 च्या जागी 1,85,000.00 लिहिलं की वाढलेला आकडा उजवीकडे सरकतो आणि बिंदू रेषेबाहेर जातो. फॉन्टचंही तसंच. फाइलमध्ये बऱ्याचदा वापरलेल्या अक्षरांपुरताच फॉन्ट भरलेला असतो. बदलताना तो मिळाला नाही की एडिटर जवळपासचा दुसरा घालतो, मग त्याच ओळीतला 8 थोडा जाड किंवा रुंद दिसतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये Properties उघडून Fonts बघा. त्या यादीत भलताच जादा फॉन्ट दिसला तर ओळन् ओळ तपासा. जादा फॉन्ट एवढ्यावरून मात्र कुणाला खोटं ठरवू नये. लोगो, जाहिरातपट्टी यांचेही फॉन्ट वेगळे असतात.

प्रिंट काढून स्कॅन केलेल्या किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या स्टेटमेंटमध्ये फॉन्टची माहिती उरतच नाही. अशा वेळी समोरच्याला आपल्यासमोर नेट बँकिंग उघडून त्याच तारखांचं स्टेटमेंट नव्यानं डाउनलोड करायला सांगावं आणि दोन्हींतल्या शिलका ओळीनं लावून बघाव्यात.