पॅरी की डॉज: खरा फरक घाव किती रेंगाळतो यात

समजा, गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. पॅरी म्हणजे येणारा घाव नेमक्या क्षणी अडवणं; तिची खिडकी ६ फ्रेम, म्हणजे १०० मिलिसेकंद. डॉज म्हणजे झटकन सरकून घाव चुकवणं; त्यात १२ फ्रेम मार लागत नाही. डॉज दुप्पट सोपा वाटतो. पण तलवारीचा घाव १५ फ्रेम लागू राहिला, तर अचूक वेळी डॉज करूनही ३ फ्रेम उघड्या राहतात, आणि खेळाडू पात्याच्या टप्प्याबाहेर सरकला नसेल तर मार बसतोच. पॅरीला फक्त पहिला स्पर्श पकडायचा असतो, म्हणून रेंगाळणाऱ्या घावावर तीच बरी.

शस्त्र वेगवान करायचं असेल तर आधी हे लागू फ्रेम कापा. उगारण्याचा वेळ मात्र जपा: नुसतं पाहून बटण दाबायलाच साधारण १५ फ्रेम जातात. उगारणं १२ फ्रेमवर आणलंत, तर खेळाडू घाव दिसण्याआधीच अंदाजाने बटण दाबू लागतो.