लिंक्डइनवर रिक्वेस्टसोबत नोट की आधी कनेक्ट, मग मेसेज?

समजा तुम्ही गोदामासाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर विकता आणि समोरच्या ऑपरेशन्स हेडने परत आलेला माल मोजताना होणाऱ्या गोंधळावर पोस्ट टाकलीय. इथे नोटच पाठवा. फ्री अकाउंटला महिन्याला मोजक्याच नोट मिळतात, त्याही 200 अक्षरांच्या, म्हणून ओळख वगैरे सोडा आणि थेट लिहा: "रिटर्नच्या मोजणीवरची तुमची पोस्ट वाचली. खराब माल तुम्ही गेटवरच वेगळा करता की आत नेऊन?" याचं उत्तर त्याला एका ओळीत देता येतं, शिवाय तुमचं प्रॉडक्ट यात कुठेच नाही.

पण ज्याने वर्षभर काहीच लिहिलं नाही त्याला "तुमचं प्रोफाइल आवडलं" असली नोट पाठवण्यापेक्षा कोरी रिक्वेस्ट बरी, कारण ती नोट कुणालाही चिकटवता येते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. अडचण पुढे आहे, त्याने अ‍ॅक्सेप्ट केल्या केल्या लोक डेमोची लिंक टाकतात आणि तिथेच गप्पा संपतात. त्याऐवजी त्याच्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारा, आणि लिंक त्याने स्वतः "तुम्ही नेमकं काय करता?" विचारल्यावरच द्या.