‘दिवसाला ४५०, डिपॉझिट परत’ : भाड्याच्या स्कूटरवर पैसे कुठे कापले जातात

जाहिरातीतल्या फोटोखालची ओळ साधी होती : ‘स्कूटर भाड्याने. तासाला ७०, दिवसाला ४५०. ओरिजिनल लायसन्स आणि आधार. डिपॉझिट २०००, परत मिळेल. हेल्मेट फ्री.’ एका जोडप्याने शनिवारी सकाळी साडेदहाला गाडी घेतली, ४५० आधीच भरले आणि रविवारी सकाळी दहाला परत आणली. साडेतेवीस तास झाले होते. २००० पैकी हातात आले फक्त ३५०.

हिशेब असा लावला गेला. दुकानाचा ‘दिवस’ रात्री आठला संपतो, म्हणून दुसऱ्या दिवसाचे ४५०. डाव्या साइड पॅनेलवर ओरखडा, ८००. हेल्मेटची काच सैल, २५०. पेट्रोल कमी, १५०. एकूण १६५०. यातली एकही अट त्या ओळीत नव्हती, आणि ओळीत लिहिलेला एकही शब्द खोटाही नव्हता. गोम आहे ती तिथेच.

‘दिवस’ म्हणजे २४ तास की दुकान उघडं असेपर्यंत, हे पावतीवर लिहून घ्यावं लागतं. तासाच्या दरातही अशीच मेख असते. ७० आणि ४५० हे दर असतील तर सातव्या तासाला ४९० होतात, म्हणजे तिथून दिवसाचा दर स्वस्त पडतो. पण ‘तासाने घेतली होती’ म्हणून नऊ तासांचे ६३० लावणारे दुकानदार आहेत. त्यामुळे दिवसाचा दर आपोआप लागेल का, हे घेतानाच विचारून टाका.

मोठी रक्कम गेली ती ओरखड्यापायी. एकच ओरखडा चार गिऱ्हाइकांच्या माथी मारता येतो, कारण पॅनेल बदललं जातच नाही. ओरखडा जुना आहे की ताजा, हे बऱ्याचदा बघून कळतं : जुन्यात मळ बसलेला असतो, ताजा पांढरट दिसतो आणि बोट फिरवलं की भुकटी लागते. पण परत करताना हा वाद घालून उपयोग नसतो. गाडी ताब्यात घेतानाच दुकानासमोर सलग व्हिडिओ काढा. आधी मीटर, म्हणजे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा दिसेल. मग नंबर प्लेट, दोन्ही साइड पॅनेलच्या खालच्या कडा, पुढचा मडगार्ड, आरशांची मागची बाजू आणि शेवटी हेल्मेट. तो तिथूनच दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे वेळेची नोंद दोघांकडे राहते. डिपॉझिट यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहा. नुसती रक्कम गेली तर ती भाड्याचीच होती, असंही ऐकायला मिळतं.

एवढं करूनही माणसं पैसे सोडून का निघतात? कारण ओरिजिनल लायसन्स दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये असतं. खरं डिपॉझिट तेच. संध्याकाळची बस गाठायची असते, आणि १६५० वर तंटा करायचा तर कार्ड मिळत नाही. म्हणून ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, ठेवून घेऊ देऊ नका. आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी, मास्क केलेली द्या. ओरिजिनलवरच अडून बसणारं दुकान सोडलेलं बरं. लायसन्स शिकाऊ नको, आणि गिअरची गाडी असेल तर त्यावर गिअरच्या दुचाकीची नोंद हवी.

‘हेल्मेट फ्री’चा अर्थ बहुतेक ठिकाणी एकच हेल्मेट. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, नसेल तर १००० रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित होण्याची तरतूद आहे. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा, पट्ट्याचं लॉक दोनदा लावून ओढा, काच वर-खाली करा. सैल असेल तर तेही व्हिडिओत बोलून टाका.

आणखी एक गोष्ट कॅप्शनमध्ये नसते, फोटोत मात्र दिसते : नंबर प्लेट. भाड्याने चालवायला देण्याची परवानाधारक पेट्रोल गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत असते, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. खासगी पॉलिसीत भाड्याने दिलेली गाडी बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि मग दुरुस्तीचं बिल घेऊन दुकानदार तुमच्याकडेच येतो. ५० वाचवायला ४०० वाली पांढरी पाटी घेणं हा या धंद्यातला सगळ्यात महाग सौदा आहे.

नीट दुकानाची ओळ अशी वाचायला मिळते : ‘दिवस = २४ तास, उशीर झाल्यास तासाला ७०, जास्तीत जास्त एका दिवसाचं भाडं. लायसन्स दाखवा, झेरॉक्स द्या. डिपॉझिट २०००, गाडी तपासून त्याच वेळी यूपीआयने परत. पॅनेल ८००, आरसा २५०, नुकसान झाल्यासच. दोन हेल्मेट भाड्यात. पेट्रोल जेवढं दिलं तेवढं परत.’