चपलेचं चित्र एआयचं, मग ऑल्ट टेक्स्ट कुणाचं?

कोल्हापुरात चप्पल विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानाचं वेबपेज मी सांभाळतो. फोटोग्राफरचा खर्च नको म्हणून मालकांनी ‘कोल्हापुरी कशी ओळखावी’ या पानावर एआयकडून करून घेतलेली चित्रं टाकली. आता त्यांचं ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे न दिसणाऱ्याला ऐकवलं जाणारं चित्राचं वर्णन, कुठून आणायचं? मार्ग चार: ज्या प्रॉम्प्टवरून चित्र झालं तोच चिकटवायचा, एखाद्या टूलकडून वर्णन घ्यायचं, स्वतः लिहायचं, किंवा रिकामं सोडायचं.

प्रॉम्प्ट चिकटवणं सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. आमचा प्रॉम्प्ट होता: ‘कोल्हापुरी चप्पल, अंगठा, दोन्ही बाजूंना कान, वेणी, लाल गोंडा, सोनेरी उजेड, अतिशय बारकाईने, 8k’. चित्रात आलं काय? गोंडा लालच होता, पण उजव्या चपलेला अंगठाच नव्हता आणि कानाच्या जागी चक्क बक्कल. प्रॉम्प्टमध्ये आपण काय मागितलं ते असतं. समोर काय आलं ते नसतं. डोळस माणसाला बक्कल दिसतं आणि तो हसून पुढे जातो. न दिसणाऱ्याला मात्र ‘अंगठा, कान’ असं ऐकू येतं आणि तो विश्वास ठेवतो. वर ‘सोनेरी उजेड, 8k’ हेही त्याला मुकाट्याने ऐकावं लागतं.

टूलने दिलेलं वर्णन निदान चित्राकडे बघून झालेलं असतं. आमच्या चित्राला उत्तर आलं: ‘या चित्रात लाकडी फरशीवर ठेवलेली तपकिरी सँडलची जोडी दिसत आहे.’ खोटं काहीच नाही, पण कामाचंही नाही. ‘या चित्रात’ सांगायची गरज नव्हती, कारण पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ असं आधीच बोलतो. आणि पान कोल्हापुरी ओळखण्याबद्दल आहे हे टूलला ठाऊक नाही, म्हणून फरशी आली आणि कान राहिले. कच्चा खर्डा म्हणून घ्या. तसंच्या तसं टाकू नका.

स्वतः लिहायला बसलो तेव्हाच खरी गोम कळली. वाक्य असं सुरू केलं: ‘डाव्या चपलेला अंगठा आहे, उजव्या…’ आणि हात थांबला. ओळख शिकवणाऱ्या पानावर चुकीची चप्पल! प्रामाणिक ऑल्ट लिहिलं तर पान खोटं पडतं, पान वाचवलं तर ऑल्ट खोटं. तिथे शब्द बदलून भागत नाही, चित्रच काढावं लागतं. दुकानातल्या खऱ्या जोडीचा मोबाइलवर फोटो काढला आणि लिहिलं:

```html
<img src="jodi.jpg" lang="mr"
 alt="कोल्हापुरी वरून: पुढे अंगठा, दोन्ही कडांना पातळ कान, मधल्या पट्ट्यावर वेणी आणि लाल गोंडा.">
```

यातलं `lang="mr"` विसरू नका. बऱ्याच तयार टेम्पलेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली असते, आणि इंग्रजी आवाज देवनागरी धड वाचत नाही. खरं तर अख्ख्या पानाची भाषाच `<html>` मध्ये मराठी करावी. दुसरं म्हणजे, ऑल्ट एका दमात वाचलं जातं, त्यात मथळे किंवा परिच्छेद करता येत नाहीत. म्हणून एक-दोन वाक्यं पुरे. मापं, किंमत, कातड्याची माहिती खाली मजकुरात द्या, सगळ्यांनाच मिळेल.

राहिला चौथा मार्ग. लोकांना तो कामचुकारपणा वाटतो, पण एआयच्या बहुतेक चित्रांना तोच शोभतो. पानाच्या डोक्यावर आमच्याकडे रंकाळ्यावरची संध्याकाळ आहे, निव्वळ सजावट. तिला `alt=""` दिलं की स्क्रीन रीडर मुकाट पुढे जातो. मात्र `alt` लिहिलंच नाही, तर काही वेळा फाइलचं नाव वाचलं जातं. एआयच्या फाइलींची नावं म्हणजे अक्षरांची नि आकड्यांची माळ, ती ऐकून बघा एकदा. आणि चित्र हीच लिंक असेल तर रिकामं चालणार नाही. तिथे चित्राचं वर्णन नको, दाबल्यावर कुठे जाणार ते लिहा: ‘पुरुषांच्या चपला’.

‘हे एआयने केलंय’ असं ऑल्टमध्ये लिहावं का, यावर मालकांशी वाद झाला. मी म्हटलं, चित्राखालच्या ओळीत लिहूया, म्हणजे दिसणाऱ्यालाही कळेल. ते ऑल्टमध्ये दडवून मोजक्याच गिऱ्हाइकांना का सांगायचं?

नवं पान एका दृष्टिहीन सरांनी एनव्हीडीए लावून ऐकलं. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तुम्हीही स्वतःच्या पानावर स्क्रीन बंद करून लावून बघा. रंकाळा होता हे सरांना कळलंही नाही. चपलेपाशी थांबून त्यांनी विचारलं, “कान किती रुंद हो?” मी माप घेतलं आणि फोटोखालच्या मजकुरात टाकलं.