‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार’: हा मेसेज फिल्टरमधून सुटतो कसा, आणि तक्रार नेमकी कुठे करायची

संध्याकाळी सहा-साडेसहाला, वीज कार्यालयं बंद होत असताना, असा मेसेज येतो:

```
Dear Customer your electricity power will be
disconnected tonight at 9.30 pm because your
previous month bill was not updated. Please
contact our electricity officer 98XXXXXXXX
```

गेली काही वर्षं हाच मजकूर थोड्याफार फरकाने फिरतोय. यात ग्राहक क्रमांक नाही, रक्कम नाही, कंपनीचं नावही नाही. कारण पाठवणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. ठाण्यातल्या महावितरणच्या ग्राहकाला आणि दादरच्या बेस्टच्या ग्राहकाला तो एकच मजकूर जातो. महावितरणचा ग्राहक क्रमांक 12 आकडी असतो आणि तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. खरी कंपनी तो विसरत नाही.

यातला सगळ्यात धूर्त शब्द ‘not updated’. ‘बिल भरलं नाही’ असं ते म्हणत नाहीत, कारण वेळेवर बिल भरणारा माणूस तो मेसेज हसून पुसून टाकेल. ‘भरलंय, पण अपडेट झालेलं नाही’ म्हटलं की त्याच माणसाला वाटतं, सिस्टीमचा काहीतरी घोळ असेल, एक फोन करून मिटवू. या प्रकारात निष्काळजी माणसांइतकीच नियमित बिल भरणारी माणसंही अडकतात, ती यामुळेच.

पुढचा घटनाक्रम बहुतेक तक्रारींमध्ये सारखाच असतो. फोन उचलणारा आदराने बोलतो, ‘काका, तुमचं पेमेंट दिसतंय, फक्त अपडेट करायचंय, 10 रुपये भरा’ म्हणतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप, येते. ती उघडताना फोन बजावतो की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय. पलीकडचा माणूस ती सूचना कुठे दाबून घालवायची हे सांगत असतो. अ‍ॅप एसएमएसची परवानगी मागतं, तीही दिली जाते. मग बिल भरण्याच्या पानासारखं एक पान दिसतं. त्यात ग्राहक क्रमांक, नाव, आणि 10 रुपयांसाठी कार्डाचे किंवा नेट बँकिंगचे तपशील भरायचे असतात. ‘भरा’ दाबलं की चूक दाखवतं. ‘सर्व्हर डाऊन आहे, दोन तासांत होईल, फोन बंद करू नका.’

ते 10 रुपये कधी कापलेच जात नाहीत. पानावर भरलेली माहिती आणि एसएमएसची चावी, एवढंच त्यांना हवं असतं. आता बँकेचा प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे आपोआप जातो. ग्राहकाने तोंडाने एकही ओटीपी सांगितलेला नसतो, म्हणून नंतर तो शपथेवर सांगतो की ‘मी कुणाला काहीच दिलं नाही’. अ‍ॅपला एसएमएस पाठवण्याची परवानगी मिळाली असेल तर आणखी एक धोका आहे. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना त्या सिममधून बँकेकडे एक मेसेज जावा लागतो, आणि तो हे अ‍ॅप तुमच्या सिममधून पाठवू शकतं.

पूर्वी याच कामासाठी स्क्रीन शेअर करणारी अ‍ॅप वापरत. बऱ्याच बँकांची अ‍ॅप आता स्क्रीन शेअर चालू असताना उघडतच नाहीत किंवा काळी दिसतात, म्हणून एपीकेची पद्धत वाढली.

आता मूळ प्रश्न. नको असलेल्या जाहिराती अडवणारं डीएनडी लावलेलं असताना हा मेसेज आलाच कसा?

कंपन्या, बँका, सरकारी खाती जे मेसेज पाठवतात ते डीएलटी नावाच्या नोंदणी व्यवस्थेतून जातात. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, दोन्हींची तिथे आधी नोंद असते. मेसेज निघताना तो त्या साच्याशी आणि तुमच्या डीएनडीशी ताडून पाहिला जातो. ऑक्टोबर 2024 पासून अशा मेसेजमध्ये आधी मंजूर न केलेली लिंक असेल तर तो अडवण्याचा ट्राय या दूरसंचार नियामकाचा आदेश आहे. ही चाळणी बऱ्यापैकी काम करते. पण ती बसवलीय घाऊक मेसेजच्या दारावर. वरचा मेसेज साध्या 10 आकडी नंबरवरून, एका सिममधून दुसऱ्या सिमला, तुम्ही भाच्याला मेसेज करता तसा आलेला असतो. त्या वाटेवर साचाही तपासत नाहीत आणि डीएनडीही. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या चॅट मेसेजवर तर एसएमएसची कुठलीच चाळणी लागत नाही.

म्हणूनच ओळखण्याची खूण पाठवणाऱ्याच्या जागी असते. महावितरणचा मेसेज `VM-MSEDCL`, `VK-MSEDCL` अशा नावाने येतो. सुरुवातीच्या दोन अक्षरांतलं पहिलं मोबाइल कंपनीचं आणि दुसरं तिच्या प्रादेशिक विभागाचं, म्हणजे सर्कलचं, त्यामुळे ती बदलली तरी घाबरायचं कारण नाही. 2025 पासून नावाच्या शेवटी एक अक्षरही लागतं. `P` म्हणजे जाहिरात, `S` सेवा, `T` व्यवहार, `G` सरकारी. वीज तोडण्याची धमकी 10 आकडी नंबरवरून आली, तर मजकूर वाचायचीही गरज नाही. शिवाय वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हा शब्द त्या कायद्यात बसत नाही. शंका असेल तर महावितरणचे 1912 किंवा 1800-212-3435 हे क्रमांक आहेत. मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच घराची किल्ली बरोबर आहे का विचारणं.

तक्रारीची दारं तीन आहेत, आणि बहुतेक लोक चुकीचं ठोठावतात.

1909 हे नको असलेल्या जाहिरातींसाठी. कर्ज घ्या, प्लॉट घ्या असले फोन आणि मेसेज. सगळ्या जाहिराती बंद करायच्या तर 1909 वर `START 0` असा मेसेज करायचा. त्यानंतरही त्रास झाला तर मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख 1909 वर अशी पाठवायची:

```
<आलेला मजकूर>, 98XXXXXXXX, 14/07/25
```

फोन असेल तर मजकुराच्या जागी एका ओळीत काय विकत होते ते लिहा. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीसाठी 7 दिवसांची मुदत आहे, आधी ती 3 दिवस होती. नोंदणी न केलेल्या साध्या नंबरविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी चालू असण्याचीही गरज नाही. अशा नंबरविरुद्ध 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या की कारवाईचा उंबरठा ओलांडला जातो. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर नुसता स्क्रीनशॉट फिरवण्यापेक्षा पाच घरांतून पाच तक्रारी गेल्या तर त्याचं काहीतरी होतं.

दुसरं दार चक्षू. `sancharsaathi.gov.in` या दूरसंचार विभागाच्या साइटवर किंवा त्याच नावाच्या अ‍ॅपमध्ये ही सोय मार्च 2024 पासून आहे. फसवणुकीचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, अशा वेळी हे. वीजबिलाचा मेसेज इथे द्यायचा. माध्यम निवडा (कॉल, एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप), केवायसी आणि वीज-गॅसच्या पेमेंटचा प्रकार निवडा, स्क्रीनशॉट, नंबर, तारीख आणि वेळ भरा. गेल्या 30 दिवसांतलीच घटना चालते. यातून तुमच्या एकट्याच्या प्रकरणाचा तपास होत नाही. त्या नंबरची पुन्हा पडताळणी होते आणि ती जमली नाही तर सिम बंद होतं. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबर दाखवत असेल, तर त्याचीही तक्रार इथेच करता येते. असे कॉल आता नेटवर्कच्या पातळीवरच अडवले जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये ती यंत्रणा सुरू झाली तेव्हा पहिल्या 24 तासांत 1.35 कोटी कॉल पकडले गेले. ‘+91 वरून येणारे तोतया पोलिसांचे फोन’ त्यानंतर कमी होऊन ‘+’ आणि भलत्याच देशांचे आकडे का दिसू लागले, याचं उत्तर त्यात असावं.

तिसरं दार 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेले असतील तर फक्त हेच, आणि लगेच. चक्षूवर फॉर्म भरत बसून अर्धा तास घालवू नका. कारण पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. तो भाड्याच्या खात्यांतून तुकड्यातुकड्याने पुढे सरकतो आणि शेवटी एटीएममधून निघतो. 1930 वर नोंद झाली की पुढच्या बँकेला ती रक्कम गोठवायला सांगितलं जातं. गोठते ती तोवर खात्यात उरलेली रक्कम. फोनवर बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. यूपीआयचा हा क्रमांक 12 आकडी असतो. हे कागदावर लिहून मगच फोन लावा. त्यानंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार पूर्ण करायची.

बँकेला वेगळं कळवणं टाळू नका आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीमुळे तपशील फुटले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हाच तुमचा पुरावा.

हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. संसर्ग झालेला फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे का तेही बघा, नाहीतर ओटीपी जातच राहतील. मग ते अ‍ॅप काढा. आयकॉन दिसत नसेल तर सेटिंगमधल्या सगळ्या अ‍ॅपच्या यादीत शोधा. काढण्याचं बटण दाबलं जात नसेल, तर अ‍ॅपने स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिन करून घेतलेलं असतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये तो अधिकार आधी काढायचा, मग अ‍ॅप निघतं. नेटवर्क पुन्हा चालू केल्यावर `*#21#` लावून कॉल दुसरीकडे वळवले आहेत का पाहा. वळवलेले असतील तर `##002#` ने बंद होतात. पासवर्ड आणि पिन मात्र दुसऱ्या फोनवरूनच बदला.

राहिलं ब्लॉक करणं. एकेक नंबर ब्लॉक करण्याने फारसं होत नाही, कारण उद्याचा मेसेज नव्या सिमवरून येतो. त्यापेक्षा फोन आणि मेसेजच्या अ‍ॅपमधलं स्पॅम ओळखणारं सेटिंग चालू ठेवा. मोबाइल कंपन्याही आता संशयित कॉलवर तशी पट्टी दाखवतात. आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय आहे, पण घरात कुणी दवाखान्यात असेल तर ती चालू ठेवू नका. त्या दिवसांत रिक्षावाल्यापासून लॅबपर्यंत सगळे अनोळखी नंबरवरूनच फोन करतात.